अण्णांचा उत्स्फूर्त विनोद, दोन ओळींत

परदेश दौऱ्यावर, मराठीचा गंध नसलेल्या लोकांपुढे आपलं नाटक होणार म्हटल्यावर अण्णांना आधी फार गुदगुल्या झाल्या. तीस वर्षं तेच नाटक, त्यात तोच बाप, आणि तो बाप म्हणजे अण्णा. संस्था त्यांची, दिग्दर्शन त्यांचं, जाहिरातीतला सर्वांत मोठा फोटोही त्यांचाच. मग कळलं की रंगमंचावर, मागच्या भिंतीच्या वर एक काळी पट्टी टांगणार, तिच्यावर इंग्रजीत संवाद उमटणार आणि प्रेक्षक ते वाचत नाटक बघणार. म्हणजे लोक माझ्याकडे बघायचं सोडून वर बघणार, असं अण्णा म्हणाले आणि त्या दिवशी ते जेवले नाहीत. संध्याकाळी मात्र भरपूर जेवले.

पट्टीचं काम वहिनींच्या गळ्यात पडलं. वहिनी म्हणजे अण्णांची बायको. सगळी संस्था त्यांना वहिनीच म्हणते. लग्नानंतर दोन वर्षं त्या याच नाटकात सुनेचं काम करायच्या, आणि चांगलं करायच्या. मग घशाचं ऑपरेशन झालं, आवाज गेला तो गेलाच, उरली नुसती घोगरी कुजबुज. कुजबुजणाऱ्या बाईला रंगमंचावर कोण उभं करणार? अण्णांनी त्यांना विंगेत स्टुलावर बसवलं आणि हातात संहिता दिली. तेव्हापासून अण्णा अडले की वहिनी शब्द पुरवतात आणि दिवसा एका कार्यालयात कागदपत्रांची भाषांतरं करतात. भाषांतराचे आयते हात घरातच असताना बाहेरचा माणूस कशाला, हा अण्णांचा हिशेब.

पट्टीचे नियम मोजके, पण कडक. एका वेळी दोनच ओळी, आणि एका ओळीत चाळीसेक अक्षरं, मधल्या मोकळ्या जागा धरून. दोन्ही ओळी भरलेल्या असतील तर त्या पाच-सहा सेकंद तरी वर राहिल्या पाहिजेत, नाहीतर माणूस अर्ध्यात असतानाच वाक्य गायब होतं. अगदी छोटं वाक्यही दोन सेकंदांच्या आत उतरवायचं नाही. आणि सगळ्यांत मोठा नियम: नटाने तोंड उघडण्याआधी त्याचं वाक्य वर दिसता कामा नये. दिसलं तर लोक आधीच हसतात किंवा आधीच रडतात, आणि नट बिचारा शिळं अन्न वाढायला उभा राहतो. म्हणून सगळे तुकडे आधी तयार करून क्रमाने लावायचे आणि प्रयोग चालू असताना कोणीतरी संहितेवर डोळा ठेवून, नटाच्या श्वासाबरोबर एकेक बटण दाबत जायचं. अण्णांचा श्वास कुठे तुटतो हे जगात एकाच माणसाला ठाऊक होतं.

वहिनींनी कात्री चालवायला सुरुवात केली. ‘अरे’, ‘बरं का’, ‘मी काय म्हणतो’ हे सगळं पहिल्या झटक्यात गेलं. तीनदा म्हटलेलं एकदा राहिलं. अण्णांना याचा पत्ता लागला तो मुलाचं काम करणाऱ्या नटामुळे. तो सहज म्हणाला की माझ्या वाक्याला दोन ओळी आहेत, तुमच्या वाक्याला एकच. झालं! अण्णा कागद घेऊन बसले आणि आपल्या ओळी मोजू लागले. माझी विशेषणं कुठे गेली, मी ‘अभागी, करंटा, दळभद्री’ असं म्हणतो आणि वर एकच शब्द? वहिनींनी शांतपणे सांगितलं की जितकी अक्षरं जास्त, तितका वेळ लोक तुमच्या चेहऱ्याकडे बघणार नाहीत. अण्णा विचारात पडले. दुसऱ्या दिवशी म्हणाले, मग माझ्या वाक्यांना काहीच लावू नकोस, माझा चेहरा बोलतो. बाकीच्यांना काय हवं ते लाव. असल्या माणसाबरोबर संसार केला म्हणजे बाई एकतर संत होते, नाहीतर भाषांतरकार.

तर एवढं सगळं निभावलं. अडलं ते विनोदापाशी.

नाटकात अण्णांचा बाप विधुर. त्याच्या हेकटपणाला कंटाळून थोरला मुलगा घर सोडून गेलेला. शेवटच्या अंकात धाकटा विचारतो, “बाबा, गप्प का? काहीतरी बोला.” लेखकाने पुढे बापाला एकच वाक्य दिलंय: “चूक माझी होती.” हे वाक्य सरळ म्हणणं अण्णांना कधी जमलं नाही. पंचविसेक वर्षांपूर्वी एका प्रयोगात ते तिथे थांबले, विंगेकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, “बघा, ही आमची बायको. ना रूप, ना आवाज. म्हणून अंधारात बसवली. तिचीही सोय, तुमचीही सोय!” प्रेक्षागृह कोसळलं. तेव्हापासून प्रत्येक प्रयोगात अण्णांना तो विनोद उत्स्फूर्तपणे सुचतो. त्या हशाच्या शेपटीखाली ‘चूक माझी होती’ कसंबसं उरकलं जातं. वहिनींनी एकदाच, पहिल्या वर्षी, तेवढं नका म्हणू हो, असं सांगून पाहिलं होतं. लोक हसतात, असं उत्तर मिळालं. त्यानंतर बोट आपल्याकडे आलं की त्या संहितेत बघायच्या. विंगेत अंधार असतो, कोणाला काही दिसत नाही, ही एक सोय मात्र खरी होती.

आता दौऱ्याच्या तोंडावर अण्णा म्हणाले, तेवढा तो विनोदही पट्टीत घाल.

वहिनी म्हणाल्या, ते संहितेत नाही. ऐन वेळी टाकलेल्या वाक्याला तुकडा नसतो, तेवढा वेळ पट्टी काळी ठेवतात, सगळीकडे तीच रीत आहे. अण्णा म्हणाले, मग तिकडच्या लोकांना हसू कसं येणार? शेवटी वहिनींनी अट घातली की शब्द ठरवून म्हणायचे, इकडचे तिकडे करायचे नाहीत. आपला उत्स्फूर्त विनोद पाठ करायला अण्णा आनंदाने तयार झाले.

स्वतःच्या बायकोची टिंगल तिच्याच हातून, वीतभर अक्षरांत, शेकडो लोकांपुढे लिहून घेणारा हा बहुधा पहिलाच नट. वहिनींनी ती चार वाक्यं समोर घेतली. गोड करता आलं असतं. इतकी वर्षं त्या अण्णांचं गोडच करत आल्या होत्या. ते विसरले की शब्द द्यायचा, चुकले की पुढचं वाक्य असं द्यायचं की चूक झाकली जावी. या वेळी त्यांचं मन झालं नाही. अण्णांची भुवई, तो हात, तो लाडिक ‘बघा’चा हेल, यांतलं काहीच चाळीस अक्षरांत बसत नव्हतं. शब्द मात्र सगळे बसले. त्यांनी तीन तुकडे केले आणि ठेवून दिले.

पहिल्या प्रयोगाला थिएटर भरलेलं होतं. वहिनी सगळ्यांत मागे, काचेच्या खोलीत. विंगेत त्या दिवशी कोणीच नव्हतं. शब्द द्यायला दुसरा माणूस आणला तर विमानाचं एक तिकीट वाढणार, म्हणून अण्णांनी जाहीर केलं होतं की मला नाटक झोपेतही येतं. नाटक उत्तम चाललं. मग ती जागा आली. अण्णांनी रिकाम्या विंगेकडे बोट दाखवलं. वर इंग्रजीत उमटलं: बघा, ही माझी बायको. मग: रूप नाही. आवाज नाही. म्हणून तिला अंधारात ठेवली. मग: तिच्या सोयीसाठी. आणि तुमच्या.

कोणी हसलं नाही. मागच्या रांगांत आपली चार मराठी मंडळी सवयीने खो खो हसली, तशा पुढच्या माना वळल्या आणि सगळं थिएटर त्यांच्याकडे बघू लागलं. हसणाऱ्यांना अचानक खोकला आला. अण्णा बोट तसंच धरून हशाची वाट बघत होते. मग त्यांनी ‘चूक माझी होती’ घाईघाईने उरकलं.

प्रयोगानंतर प्रेक्षकांशी गप्पा होत्या. पहिल्या रांगेतल्या एका म्हातारीने अण्णांचा हात दोन्ही हातांत धरला. इतका कोत्या मनाचा पुरुष इतक्या धैर्याने उभा केलात, अंगावर काटा आला, असं म्हणाली. मग हळूच विचारलं, ती गरीब बाई नाटकात दिसत नाही, ती मेल्याचं सांगतात. तिला कुठे ठेवलं होतं त्याने, तळघरात? अण्णांनी आयुष्यात कौतुक कधी परत केलं नव्हतं. त्यांनी मान लववून आभार मानले.

मेकअपच्या खोलीत मात्र भडका उडाला. भाषांतर बिघडवलंस, विनोदाचा खून केलास, असं बरंच काही झालं. वहिनी कोट घालत होत्या.

“एक शब्द गाळला नाही मी,” त्या आपल्या त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. “सगळं बसलं.”

“मग उद्या जरा हसरं कर.”

“हसू तुमच्या आवाजात होतं. ते वर येत नाही. शब्द बदलू म्हणता? बदलते. पण तुम्हाला नक्की काय म्हणायचं होतं, ते सांगा.”

अण्णा मिशी काढायचा स्पिरिटचा बोळा शोधू लागले, जो त्यांच्या हातातच होता.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच जागा आली. “बाबा, गप्प का? काहीतरी बोला.” वहिनींचं बोट बटणावर, पहिला तुकडा तयार. अण्णांचा हात सवयीने वर गेला, अर्ध्यात थांबला आणि खाली आला. गिळला म्हणायचा विनोद. वहिनींनी झटकन ते तीन तुकडे ओलांडले आणि पट्टी काळीच ठेवून पुढच्या वाक्यासाठी थांबल्या.

पुढचं वाक्य येईना.

हा अण्णांचा नेहमीचा भावपूर्ण विराम नव्हे. वहिनी तो श्वास ओळखत होत्या. पंचवीस वर्षं त्या विनोदाची पायरी उतरूनच अण्णा पुढच्या वाक्यावर पोचत होते. पायरी काढली आणि खाली काही लागेना. ते विंगेकडे बघू लागले. विंगेत स्टूलही नव्हतं. धाकटा नट घामाघूम होऊन म्हणाला, बाबा, बोला ना. अण्णांचे ओठ हलले, शब्द नाही. आणि या खोलीतून वहिनींची कुजबुज तिथे पोचणार नव्हती.

आता काय? काळी पट्टी ठेवायची आणि माणूस बुडताना बघायचं, हे नियमाला धरून होतं. वहिनींनी जन्मात मोडला नसता असा नियम मोडला. बटण दाबलं.

नटाच्या आधी वाक्य वर उमटलं: चूक माझी होती. सगळ्या थिएटरने ते वाचलं आणि सगळे अण्णांकडे बघू लागले. नजरा आधी वर गेलेल्या अण्णांनी पाहिल्या. मरेन पण प्रेक्षकांना पाठ दाखवणार नाही, अशी ज्यांची आयुष्यभराची बढाई, ते अण्णा सावकाश वळले, मान वर केली आणि बायकोने दिलेलं वाक्य वाचलं. मग परत वळले. समोर शेकडो माणसं ते वाचून बसलेली, आता फक्त त्यांनी म्हणायची वाट होती. अण्णांनी सगळ्यांच्या डोक्यांवरून मागच्या काचेकडे पाहिलं.

“चूक,” ते म्हणाले, आणि आवाज बसला. उरलेलं घोगऱ्या कुजबुजीत बाहेर आलं, “माझी होती.”

विनोदाशिवाय ते वाक्य वहिनींनी पंचवीस वर्षांत पहिल्यांदा ऐकलं. त्यांना रडू आलं, आणि रडू आल्याचा रागही आला. एवढं छोटं वाक्य म्हणून झालं की उतरवायला हवं होतं. वहिनींनी बटणावरचं बोट काढून मांडीवर ठेवलं आणि ते वर तसंच राहू दिलं.