पहिल्या ग्राहकाला निरोप

जठारपेठेतल्या ऑफिसात मी आणि मैत्रीण लोकांच्या वेबसाइट सांभाळतो. अमरावतीचे एक बियाणे विक्रेते आमचे पहिले ग्राहक. पण त्यांच्या रोजच्या बदलांपुढे फी पुरेना. शेवटी मी ईमेल लिहिला: ‘या फीमध्ये तुमच्या कामाला न्याय देणं आम्हाला जमत नाही. महिनाअखेरपर्यंत काम सुरू ठेवू. सगळ्या फाइली, पासवर्ड सोपवू, नव्या माणसाला समजावूनही देऊ.’

लगेच त्यांचा फोन. "काहून सोडून राहिल्या, ताई?"

अडखळत का होईना, मी ईमेलमधलंच पुन्हा सांगितलं.

महिनाअखेरीस नव्या डिझायनरला सगळं सोपवलं. तेव्हा विक्रेते म्हणाले, "इतकं नीट कोणी सोडत नाई. माझ्या साडूले वेबसाइट पायजे. तुमचा भाव सांगा."

मी अजिबात न चाचरता पूर्ण भाव सांगितला. मैत्रिणीने टेबलावर थाप मारली!