शंभर किलोमीटर

नवरा गेल्यावर मी सासूबरोबर मोहाडीतच राहिले, तहसीलमध्ये नोकरी करत. सत्तेचाळिसाव्या वर्षी मला सोबत हवीशी वाटू लागली. हे घरात कळलं असतं तर सासूला तोंड दाखवायची सोय उरली नसती. म्हणून ऑफिसातल्या मैत्रिणीने मोबाइलवर जोडीदार शोधायचं ॲप टाकून दिलं, तेही जेवणाच्या सुट्टीत, दार लोटून.

नाव मला लगेच सुचलं. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने लिहिलेलं नाव गावाला पाठ. माहेरचं कुणाला आठवतं? म्हणून माहेरचंच टाकलं, आडनावाशिवाय. फोटो पाठमोरा. वय मात्र मला चाळीसच दाखवायचं होतं.

"खोटं कायले टाकतं?" मैत्रीण म्हणाली. "ते वयानंच चाळते. तुह्या वयाची बाई पायजे त्याले तू दिसणारच नाही."

वय दाखवायचंच नाही म्हटलं तर पैसे भरावे लागत होते, म्हणून खरं वय राहू दिलं. मग अंतर आलं. मी ठासून शंभर किलोमीटर ठेवलं. माझ्या हिशेबी मी आता गावाला न दिसणारी, शंभर किलोमीटरवरची बाई झाले होते. मैत्रिणीलाही ते पटलं. आंधळ्याने आंधळ्याला वाट दाखवावी, तसं आमचं चाललं होतं.

पंधरवड्याने चुलत दीर नवे तांदूळ घेऊन आले. बायको सोडून गेल्यापासून एकटेच राहतात, दोन गल्ल्या पलीकडे. सासू मागच्या अंगणात गेली तसे ते हळूच म्हणाले, "वहिनी, मोबाइलवर तुमी एक किलोमीटरच्या आत दिसून राहिल्या."

शरमेने मान वर होईना. एवढंच बोलले, "मी तर शंभर टाकलं होतं."

"ते तुमी कुठवर पाहता, त्याचं आहे. तुमी दिसता तिथंच, जिथं तुमचा मोबाइल असते. तो आकडा लपवता येते. लपवला तरी दूरच्याले तुमी दिसता."

"मग जवळच्यांना?"

"त्यायलेबी दिसता. फक्त किती जवळ, ते नाही समजत."

"नाव कसं ओळखलं?"

"लग्नाची पत्रिका मीच वाटली होती ना."

त्यांनी मोबाइल मागितला. मी दिला, का दिला कोण जाणे. त्यांनी सेटिंगमध्ये जाऊन आकडा बंद केला आणि मोबाइल परत हातात ठेवला. कुणाला सांगणार नाही, हे त्यांनी म्हटलं नाही, पण मला ते कळलं. मला हायसं वाटलं आणि त्याच वेळी रागही आला, कशाचा ते सांगता येणार नाही.

ते चपला घालू लागले, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मी त्यांना दिसले, म्हणजे तेही शोधत होते.

"भाऊजी, तुम्ही कुठवर पाहता?"

ते चपलेचा पट्टा ओढत राहिले. "दोन किलोमीटर," म्हणाले. "त्याच्या पुढं जायची माही इच्छा नाही."

आतून सासूने विचारलं, चहा टाकू का. भाऊजींचा पट्टा अजून लागला नव्हता.