घाण्याचा आवाज

म्हातारीला दिसत नाही, हे त्या रस्त्यावर एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि तो तिच्या पोटचा होता. म्हणून तर पुढचं सगळं घडलं. परक्याच्या हातून इतकं नीट झालं नसतं.

अगदी आंधळी नव्हती ती. समोर माणूस आहे की खांब, एवढं कळायचं. पण कढईतलं भजं पिवळं आहे की तांबूस, हे कळायचं बंद झालं होतं. डॉक्टर म्हणाला, डोळ्याच्या मागचा पडदाच गेलाय, ऑपरेशनचा उपयोग नाही. बाहेर पडल्यावर तिनं लेकाचा हात घट्ट धरला. "कुणाला बोलू नकोस रे. आंधळीच्या हातचं कोण खाईल?"

"नाही बोलणार, आई," तो म्हणाला.

आणि खरं सांगायचं तर भज्यांना डोळे लागतातच कुठे! कांदा उभा चिरून सून पहिल्यापासूनच पुढ्यात ठेवायची. म्हातारी त्याला मीठ चोळून ठेवायची, बोटांना पाणी सुटल्याचं कळलं की त्यात मावेल तेवढंच बेसन भुरभुरायची. वरून पाण्याचा थेंब नाही. चमचाभर कडकडीत तेल, की झालं. तेल तापलं का ते बघायला पिठाचा ठिपका सोडायची. गप्प बसला तर तेल गार, चर्रकन ओरडला तर फार गरम, आणि जरा दम खाऊन चुरचुरला की बरोबर. मग सुटी सुटी भजी सोडायची, कढई कधी भरायची नाही, नाहीतर तेल निवतं आणि भजं तेल पितं. आधी मोठा कल्लोळ होतो. तो कांद्यातल्या पाण्याचा. पाणी उडत जातं तसा आवाज बसत जातो, आणि पार बारीक झाला की आतलं पीठ शिजलेलं असतं. मग शेवटी आच मोठी करायची, की बाहेरून कुरकुरीत. झाऱ्यानं निथळून चाळणीत काढायची आणि झाकायची नाही, झाकली की वाफेनं मऊ पडतात. डोळे गेल्यावर तिचे घाणे उलट जास्त चांगले उतरायला लागले. लोक म्हणायचे, आजींच्या हाताला काय चव आहे! हाताला कसली, कानाला होती.

आता लेकाचं. चाळिशीला टेकलेला बाप्या, केस मागे हटलेले, पण गिऱ्हाइकांना तो अजून 'आजींचा पोरगा'. भज्यांच्या गाडीसाठी धावाधाव त्यानं करायची, सिलिंडर त्यानं उचलायचं, आणि शाबासकी म्हातारीला. शेजारचा गॅरेजवाला तर तोंडावर बोलायचा, "ए पोरा, तू नको हात लावूस. आजींना सोडू दे." लोक हसायचे. म्हातारीही हसायची, ही तिची चूक. लेकाचं हसू मात्र कधीच आटलं होतं. जळत होता तो आतून.

एके दिवशी त्यानं जुन्या बाजारातून एक पंखा आणला. लोखंडी, भला थोरला, सुरू केला की पिठाच्या गिरणीत उभं राहिल्यासारखं वाटावं. तो त्यानं बरोबर आईच्या कानाशी बसवला. "तुला धूर लागतो ना, आई," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. गॅरेजवाला म्हणाला, "लेक असावा तर असा."

म्हातारीनं ठिपका सोडला. काही ऐकू आलं नाही. ती कढईवर वाकली, वाफ तोंडावर आली, तरी नुसती घरघर.

"बंद कर रे जरा," ती म्हणाली.

"का गं? लोकांना धूर लागतोय."

का, ते ती सांगणार कशी? सांगायचं म्हणजे सगळ्यांपुढे कबूल करायचं की मी कानानं तळते. तो हे जाणून होता. तिनं अंदाजानं घाणा सोडला. भीतीनं आच मोठी राहिली, भीतीनंच लवकर काढला.

लेकानं सगळ्यांसमोर एक भजं उचललं आणि मोडलं. बाहेर तांबूस, आत ओलं पीठ. ते त्यानं गॅरेजवाल्यापुढे धरलं. "बघा. मी इतके दिवस झाकत होतो, आता नाही झाकवत. आईला दिसत नाही हो. काही म्हणजे काही दिसत नाही. किती समजावलं, पण ऐकत नाही. उद्या कढई अंगावर घेईल." आणि त्याचे डोळे भरून आले, आहे की नाही कमाल!

सून खाली मान घालून कांदा चिरत राहिली. लोक चुकचुकले. 'बिचारी' हा शब्द म्हातारीनं स्वतःबद्दल पहिल्यांदा ऐकला. झारा तिच्या हातातून काढून घेतला गेला आणि तिला मागे, भिंतीशी, स्टुलावर बसवलं गेलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं पंखा लावलाच नाही. "वीज किती खातो मेला," लेक म्हणाला. तेव्हा म्हातारीला सगळं लख्ख कळलं. ती रडली नाही. हाच पोरगा तापानं फणफणला होता तेव्हा त्याला पाठीशी बांधून तिनं घाणे काढले होते. ते आठवून तिला त्याची माया नाही आली, राग आला.

त्याच दुपारी गॅरेजवाल्याकडे मोठी मंडळी यायची होती, गाड्यांच्या दुरुस्तीचं वर्षभराचं काम देणारी. त्यानं परात भरून भजी सांगितली. "जपून हं पोरा. माझी अब्रू आहे यात." हे जमलं तर गॅरेजमध्ये रोज भजी जाणार होती आणि पोराचा शेठ होणार होता.

लेकानं घाईनं आच मोठी केली. म्हातारी ऐकत होती. ठिपका चर्रकन ओरडला. त्यानं कढई काठोकाठ भरली. रंग भराभर चढला असणार, कारण तो झारा घेऊन उभा राहिला आणि हात थबकला. तेल अजून मोठ्यानं कल्लोळ करत होतं. आतलं पाणी आतच होतं.

तो मागे वळून स्टुलाशी वाकला आणि हळूच, अगदी लहानपणच्या आवाजात म्हणाला, "आई, ऐकतेस ना? काढू का गं?"

'आच कमी कर, थांब,' एवढंच म्हणायचं होतं. शब्द ओठापर्यंत आले होते.

"काढ," ती म्हणाली. "झाली."

त्यानं विश्वासानं काढली. पुढचे घाणेही तिला विचारून विचारून काढले, आणि दरवेळी ती म्हणाली, काढ. परात गेली, आणि थोड्या वेळानं तशीच परत आली. गॅरेजवाल्यानं ती गाडीवर आपटली. मोडलेल्या भज्यातलं कच्चं पीठ त्याच्या बोटांना चिकटलं होतं. "पाहुण्यांनी थुंकलं माझ्या दारात! तुला म्हटलं होतं, हात लावू नकोस!" सगळा रस्ता बघत होता.

लेक पांढराफटक पडला. मागे वळून ओरडला, "आई, तूच तर म्हणालीस झाली म्हणून!"

म्हातारीनं आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, पण मऊपणानं ती म्हणाली, "मला काय विचारतोस, बाळा? मी आंधळी ना रे."