जिथे थांबायचं नव्हतं

जानेवारीतला दुसरा रविवार, सकाळचे साडेआठ. परीक्षा वीस गुणांची. हजर होती दहावीची अकरा मुलं-मुली आणि मी. माझी बायको आतल्या खोलीत पलंगावर पडून होती आणि मधलं दार उघडं होतं.

शिकवणी तिची होती. देऊळगाव राजात आमच्या घराच्या पुढच्या खोलीत ती सोळा वर्षं इंग्रजी शिकवत होती. मी बाजार समितीत कारकून आहे. नोव्हेंबरात तिच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी स्वरयंत्र काढलं. गळ्याला एक छिद्र राहिलं, त्यातूनच श्वास, आणि त्यावर पांढरं मऊ कापड. आवाज गेला. कमी झाला किंवा बसला असं नव्हे, गेलाच. तिला कुजबुजताही येत नाही. ओठ हलतात, पण मागून काही येत नाही.

घरी आल्यावर चौथ्या दिवशी तिने पाटीवर लिहिलं, "मुलांचं काय?" मी म्हणालो, मुलं थांबतील. तिने पाटी पुसून लिहिलं, "बोर्ड थांबत नाही."

तेव्हा ठरलं की दर रविवारी मी बसायचं. तिने वही लिहून द्यायची, मी वाचून दाखवायचं, आणि ती बरी झाली की फळ्यापाशी परत ती. त्या शेवटच्या वाक्यावर तिचं सगळं लक्ष होतं. रेडिएशनचा शेक घ्यायला रोज गाडीने जायचं, परत येताना ओकाऱ्या व्हायच्या, पण घरी आली की मांडीवर वही. पुढच्या खोलीतल्या अकरा मुलांच्या जोरावर ती उभी होती. मला ते दिसत होतं, म्हणून मी हो म्हणालो.

राहिलेला धडा होता who, which आणि that ने वाक्यं जोडण्याचा. माझं इंग्रजी बेताचं, पण तिची वही स्वच्छ होती. माणसासाठी who, वस्तूसाठी which, आणि that दोघांनाही चालतो. मराठीत आपण "जो मुलगा काल आला, तो माझा भाऊ" म्हणतो, म्हणून आपली मुलं इंग्रजीतही तो "तो" सोडत नाहीत आणि The boy who came yesterday he is my brother असं लिहितात. तो he काढायचा. एवढं मुलांना दोन रविवारांत जमलं.

अवघड होता स्वल्पविराम. वहीत तिने लिहिलं होतं: who पासूनचा तुकडा तळहाताने झाका. उरलेलं वाक्य वाचून "कोणता?" असं विचारावंसं वाटलं, तर तुकडा गरजेचा, स्वल्पविराम नको. माणूस आधीच ओळखू येत असेल, तर तुकडा जास्तीची माहिती आहे, दोन्हीकडे स्वल्पविराम द्या. आणि स्वल्पविराम दिला की तिथे that चालत नाही. उदाहरणंही तिचीच. My mother, who works in the field, comes home at six. आई एकच, तिला कोणती असं कोण विचारणार? पण The bus which goes to Jalna leaves at seven. स्टँडवर बसा पुष्कळ, तुकडा काढला तर प्रवासी उभाच राहील.

पण ती हे नियमाने शिकवत नसे, कानाने शिकवायची. वर्गात एक वाक्य म्हणायची, मुलं ऐकून लिहायची. जास्तीच्या माहितीपाशी ती क्षणभर थांबायची, आवाज खाली न्यायची, पंगतीत शेजारणीला हळूच काही सांगावं तसा, आणि पुन्हा वर घ्यायची. गरजेचा तुकडा मात्र सलग, एका दमात. मी ऑफिसला निघताना चपला घालत हे कैक वेळा ऐकलं होतं, पण त्यात शिकवणं कुठे आहे हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

वहीच्या शेवटी तिने लिहिलं होतं, "दर रविवारी दहा वाक्यं घाला. सावकाश."

मी घातली, सावकाश घातली. सहा रविवार.

त्या रविवारच्या परीक्षेतल्या दहा वाक्यांत पाच स्वल्पविरामाची होती आणि पाच बिनस्वल्पविरामाची. दुपारी मी वह्या घेऊन बसलो आणि तक्ता मांडला, ती माझी खोड आहे. जिथे स्वल्पविराम हवा होता, तिथे पंचावन्नपैकी पंचावन्न बरोबर. जिथे नको होता, तिथे पंचावन्नपैकी एकोणपन्नास चूक. मला वाटलं मुलांनी एकमेकांचं पाहिलं असेल. तक्ता तिच्यापुढे धरला आणि म्हणालो, "अर्धं तर सगळ्यांना आलं."

तिने तक्ता बराच वेळ पाहिला. मग वहीतल्या एका वाक्यावर बोट ठेवून खुणेने सांगितलं, वाचा.

मी वाचलं. "The farmers… who had grown soybean… sold it early."

तिने डोळे मिटले. पाटी घेतली आणि दोनच शब्द लिहिले. "तुम्ही थांबता."

तेव्हा मला कळलं. बाजार समितीत मी पंचवीस वर्षं वजनं आणि भाव वाचून दाखवतो आणि समोरचा लिहितो. त्याचा हात मागे पडू नये म्हणून मी दर तुकड्याला थांबतो. नाव, थांबा. पोती, थांबा. भाव, थांबा. ती सवय इतकी मुरली आहे की घरी किराण्याची यादीही मी तशीच वाचतो. मुलांना मी इंग्रजी तसंच घातलं होतं. ज्या शेतकऱ्यांनी सोयाबीन पेरलं त्यांनीच ते लवकर विकलं, असं त्या वाक्यात म्हणायचं होतं. माझ्या थांबण्यामुळे गावातल्या झाडून सगळ्या शेतकऱ्यांनी सोयाबीन पेरलं आणि सगळ्यांनीच विकलं.

"सांगितलं का नाहीस? दार तर उघडं होतं," मी विचारलं.

"झोपलेली असायचे," तिने लिहिलं. मग खाली लिहिलं, "औषधाने."

पुढच्या रविवारी ती उठून बाहेर आली. शेकानंतर पहिल्यांदाच. केस विंचरले, गळ्यावरचं कापड बदललं आणि फळ्याशेजारच्या खुर्चीवर हातात पेन्सिल घेऊन बसली. मी चुकीच्या जागी थांबलो की ती खुर्चीच्या दांड्यावर ठक्क करायची. पहिल्या वाक्याला तीन ठक्क, दुसऱ्याला चार.

मागचा एक पोरगा म्हणाला, "काका, तुम्ही त हर्रासी बोलून राह्यले. सोयाबीन काय भाव सोडलं?"

लिलावाचं ऐकून सगळे हसले, तीही हसली. तिच्या हसण्याला आवाज नव्हता, खांदे तेवढे हलले.

मी पुन्हा सलग वाचायला गेलो, तर शब्दच एकात एक गेले. माझा श्वास पुरेना. तेव्हा ती उठली, फळ्यापाशी गेली आणि तेच वाक्य स्वतः म्हणाली. म्हणजे ओठांनी. तळहात आडवा धरून तो एका रेषेत सलग नेला. मग आईचं वाक्य, आणि who पाशी हात खाली, पुन्हा वर. हाताची चाल अगदी जशीच्या तशी होती. अकरा जणं तिच्या तोंडाकडे पाहत होती. खोलीत पंखा नव्हता, रस्त्यावर गाडी नव्हती. गळ्यावरच्या कापडामागून श्वासाची सूं तेवढी ऐकू येत होती. पुढच्या रांगेतल्या एका मुलाने मान खाली घातली.

त्या रात्री मी माझ्या मोबाईलमध्ये तिचे जुने आवाजी निरोप शोधले. चौदा सापडले. दूध, गॅसचा नंबर, दळण, एकात नुसतंच "कुठे आहात". सगळे ऐकले. मुलांना ऐकवावं असं एकही वाक्य त्यात नव्हतं.

तिने तरी सोडलं नाही. आता माझा आवाज नकोच म्हणून दहा नवी वाक्यं हाताने लिहिली, स्वल्पविराम न घालता, आणि मी त्यांच्या झेरॉक्स आणल्या. मुलांनी मनात वाचून खुणा करायच्या. जानेवारीच्या शेवटच्या रविवारी तो पेपर झाला. जिथे स्वल्पविराम नको होता, तिथे पंचावन्नपैकी एकेचाळीस चूक.

मुलांमध्ये एक मुलगी होती. तिची आई भाजीचा वाफा करते आणि धाड गावच्या बाजारात विकते. आठवीपासून ती आमच्याकडे यायची, तिच्याकडून फी घेत नव्हतो. मी तिला विचारलं, "अगं, नियम पाठ आहे ना? हात ठेवून झाकायचं, मग कोणता विचारायचं?"

"पाठ आहे काका."

"मग काऊन चुकतं?"

ती मॅडमकडे पाहून घुटमळली. मग म्हणाली, "मनात वाचलं तरी तुमचाच आवाज येते, काका. तुम्ही थांबता, त मी बी थांबते. आधी मॅडमचा यायचा."

मी पेपर गोळा केले. बायकोने त्या मुलीला जवळ बोलावून तिची वेणी सारखी केली. मुलं गेली तेव्हा ती दाराशी उभी होती. नेहमी ती "उद्या लवकर" म्हणायची, ते ओठांनी म्हणाली का, मला दिसलं नाही.

दुपारी तिने पाटी घेतली नाही, वही घेतली. म्हणजे पुसायचं नव्हतं. लिहिलं, "बसस्टँडजवळच्या निवृत्त सरांकडे पाठवा. सगळ्यांना. उद्यापासून."

मी म्हणालो, "मी शिकतो ना सलग वाचायला. रोज पहाटे तुझ्यापुढे वाचतो. महिनाभर आहे अजून."

"परीक्षा त्यांची आहे," तिने लिहिलं.

"आणि तुझी शिकवणी?"

तिने वही मिटली. थोड्या वेळाने उठून ती पुढच्या खोलीत गेली आणि फळा ओल्या फडक्याने पुसला. कोरड्याने नेहमी पुसायची, खडूची धूळ राहायची, दुसऱ्या दिवशी त्यावरच लिहायची. त्या दिवशी ओल्याने पुसला. मी दारात उभा होतो. तिची पाठ माझ्याकडे होती, आणि ती रडते आहे हे मला फक्त कापडामागच्या श्वासावरून कळलं. तुटक होता तो. मी जवळ गेलो, पण काय बोलावं ते सुचलं नाही. बोलू शकणारा मी एकटाच होतो.

संध्याकाळी मी दहा घरी फोन केले. पालक चांगले बोलले. एक वडील म्हणाले, "आम्हीच इचारणार होतो, पण मॅडमले कसं म्हणावं." अकराव्या घरी, त्या भाजीवालीकडे, फोन लागला नाही.

सोमवारी मी सरांकडे गेलो. मुलं कोणत्या धड्यावर आहेत ते सांगितलं, कुठे चुकतात ते सांगितलं, आणि का चुकतात तेही सांगितलं. सर म्हणाले, "मी सुधारून घेतो, तुम्ही मॅडमची काळजी घ्या." दहा जणांची फी त्यांचे पालक देणार होते. अकराव्या मुलीची, परीक्षेपर्यंतची, आठशे रुपये, मी सरांना तिथेच दिली. ते पैसे बायकोने तिच्या डब्यातून काढून दिले होते.