पालकांचं पान

मी डोक्यानं भडक. आमच्या घरात सगळेच तसे. बापानं आम्हा दोघा भावंडांना अक्षरं शिकवली ती हातावर फटके देऊन, आणि मोठा भाऊ माझ्याहून दुप्पट खायचा, कारण त्याला लवकर येत नसे. म्हणून तर मी हा खेळ करायला घेतला. लहान पोरांनी टॅबवर बोटानं अक्षर गिरवायचं आणि चुकलं तरी त्यांच्या पोटात गोळा येऊ नये, एवढीच माझी जिद्द होती.

खामगावात एका दुकानावरच्या खोलीत आम्ही दोघी बसायचो. मैत्रीण अक्षरं काढायची, मी कोड लिहायची. एकेका अक्षराचे तुकडे पाडले होते. आधी गाठ, मग दांडा, शिरोरेघ सगळ्यांत शेवटी. प्रत्येक तुकड्यावर न दिसणारे ठिपके ठेवलेले, आणि त्याभोवती बोटासाठी रुंद वाट. बोट वाटेवर असलं की मागे रंग उमटतो. वाटेबाहेर गेलं की रंग नुसता थांबतो. लाल फुली नाही, भोंगा नाही, 'पुन्हा प्रयत्न करा' नाही. एक काजवा जिथवर बरोबर आलं तिथं येऊन बसतो आणि वाट पाहतो. पोर अडूनच राहिलं तर तो स्वतःच हळूहळू पुढं सरकून रस्ता दाखवतो. बोट फारच सुटायला लागलं तर वाट गुपचूप आणखी रुंद होते. अक्षर शेवटी पूर्ण होतंच. या खेळात हरायला जागाच ठेवली नव्हती, आणि त्याचा मला भलता माज होता.

पैसा घालायला तयार झालेल्या साहेबांनी विचारलं, "पोरांचं ठीक आहे हो, पण पालकांना काय दाखवाल?" मी एका दुपारी पालकांचं पान करून टाकलं. कोपऱ्यातल्या कुलपावर तीन सेकंद बोट दाबलं की उघडायचं. कोणतं अक्षर गिरवलं आणि त्यात बोट किती वेळा सुटलं, एवढंच. मैत्रीण म्हणाली, "हा आकडा कशाला?" मी म्हटलं, "मोठ्या माणसांसाठी आहे गं, त्यांना काय होतंय."

पहिला टॅब भावाच्या घरी दिला, जानेफळला. तो भाजीपाला करतो. वांगी, मिरची, सगळं ठिबकवर. त्याची पोरगी पाच वर्षांची. पुढच्या वर्षी तिला पहिलीत घालायचं होतं, आणि भावानं ठरवूनच ठेवलं होतं की त्याच्यासारखी ही मागच्या बाकावर बसणार नाही.

ती काय गिरवते ते मला खामगावात दिसायचं. सुरुवातीला वाट्टेल ते उघडायची, मध्येच सोडायची, परत यायची. मग 'झ' आला. पहिल्या दिवशी बोट अकरा वेळा सुटलं, दुसऱ्या दिवशी चौदा. 'झ' मोठ्यांनाही वाकडा जातो, त्यात नवल नव्हतं. पण त्यानंतर आठ दिवस फक्त 'ग'. दिवसाला चाळीस-चाळीस वेळा 'ग', आणि सुटलेल्या बोटाच्या रकान्यात शून्य. मी येडी, मैत्रिणीला हाका मारून दाखवलं. "बघ, हात बसला पोरीचा!" पेढे घेतले आणि जानेफळची एसटी पकडली.

पोरगी ओसरीत टॅब घेऊन बसली होती, 'ग'च चालला होता. मी जवळ घ्यायला हात धरला तर तिनं तो झटकन ओढून घेतला. बाही वर सरकली. दंडावर, पोटरीवर वळच वळ, काही पिवळे पडलेले, काही अजून निळसर. वहिनी चुलीपाशी उभी होती, पदर तोंडात धरून.

"काय झालं वहिनी?"

"तुमचा भाऊ खेळातलं ते कुलूप उघडते रोज सांजच्याले," ती म्हणाली. "जितका आकडा, तितके फटके. अन् मोजाले लावते तिलेच."

शून्य का होतं ते तेव्हा कळलं. ज्या अक्षरात बोट कधीच सुटत नाही, तेवढंच ती पोरगी जपून जपून काढत होती.

भाऊ वावरातून आला. मला बघून खूश झाला, पाणी मागितलं. मी विचारलं, "दादा, हे वळ काऊन?"

"अभ्यासाचे हायेत." त्याला काही लपवायचंच नव्हतं. "तुह्याच खेळात चौदा लिवलं होतं. म्या चौदाच देल्ले. एकही जास्त नाही. बाबासारखं मोजल्याबिगर नाही मारलं मी. अन् आता पाह्य, शून्य येते का नाही?"

तो खरंच शाबासकीची वाट बघत होता. मला असा राग आला की काय सांगू. भिंतीला ठिबकच्या नळीचा तुकडा टांगलेला होता, हातभर लांब, काळा. मी तो ओढला आणि त्याच्या पाठीवर हाणला. मग खांद्यावर. "लाज नाही वाटत बे तुले? लेकरू हाय ते!" एवढा दांडगा माणूस, मला एका हातानं ढकलून देता आलं असतं. पण त्यानं हात उचलला नाही. कोपरानं तोंड झाकून तो भिंतीला चिकटला, लहानपणी बापासमोर चिकटायचा तसा. मी आणखी हाणली. त्याच्या कानामागून रक्ताचा ओघळ आला.

"तीन," पोरगी म्हणाली.

ती ओसरीतच बसली होती. घाबरून नाही, नेमानं मोजत होती. मी हात वर केला होता आणि ती पुढच्या आकड्यासाठी थांबली होती. नळी माझ्या हातातून पडली. वहिनी रडायला लागली. भाऊ तसाच कोपर वर धरून उभा, अजून उरलेत असं धरून.

मी पेढे तिथंच टाकून शेवटच्या गाडीनं परत आले. दुसऱ्या दिवशी पालकांचं पान खोडलं. नुसतं लपवलं नाही, मुळातून काढलं. बोट किती वेळा सुटलं ते आता खेळ फक्त वाट रुंद करण्यापुरतं लक्षात ठेवतो, अक्षर झालं की विसरतो, आणि कुणालाच सांगत नाही, मलासुद्धा नाही. साहेब तापले. "मग पालकांनी बघायचं काय?" मी म्हटलं, "अक्षर झालं, एवढं बघावं, साहेब. बाकी काही नाही." त्यांनी फोन आपटला. आपटू दे म्हटलं.

पंधरा दिवसांनी बदललेला खेळ टॅबवर टाकायला परत जानेफळला गेले. भाऊ वावरात होता, की मी येणार म्हणून गेला होता, कोण जाणे. नळी भिंतीवर नव्हती. वहिनी म्हणाली, त्या दिवसापासून त्यानं हात लावलेला नाही. मी पोरीशेजारी बसले आणि 'झ' उघडून दिला. कितीतरी वेळ ती नुसती बघत राहिली. मग बोट टेकवलं. गाठीपाशी बोट सुटलं. रंग थांबला, काजवा येऊन बसला, सगळं मी लिहिलं होतं तसंच.

पोरीनं बोट उचललं. तिनं दाराकडे पाहिलं नाही, वावराच्या वाटेकडेही नाही. माझ्या उजव्या हाताकडे पाहिलं.

"आत्या काही करत नाही गं," मी म्हणाले आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले. तिनं टॅब उचलला आणि वहिनीच्या पाठीमागे जाऊन बसली.