मैनाकाकीच्या हातची चव

नाटे गावचा भागोजी जन्मभर जहाजांवर रांधत आला. परमुलखातले कप्तान त्याच्या हातचं खाऊन बोटं चाटायचे, आणि घरी बायको मैना मात्र भाताला नुसतं आधण ठेवायची तरी करपवायची! लाज कसली त्यात? ती बंदरावर मासळीच्या लिलावात उभी राहिली की भले भले दलाल वचकून असत. घरात चूल त्याची, बाहेर आवाज तिचा. त्यांचा संसार असा उलटा आणि झकास चालला होता. शेजारणी नाकं मुरडत, सासूही मरेपर्यंत टोमणे मारत राहिली, पण भागोजीने कधी मनावर घेतलं नाही.

जहाजावरची नोकरी सुटल्यावर त्याने माशांचा मसाला करून विकायचं ठरवलं. त्याला एकच हौस होती. आयुष्यभर जहाजांच्या पोटात राबला, कुणी नाव विचारलं नाही. निदान पाकिटावर तरी ‘भागोजीचा मसाला’ असं छापून यावं. मैनाने शब्द दिला, “तुमचंच नाव लागंल वो, मी हाय ना!”

मुलगा सुजय मुंबईत जाहिरातींच्या कंपनीत. त्याने दोन पाकिटं छापून आणली. एकावर जहाजावरच्या टोपीतला भागोजी, दुसऱ्यावर नऊवारी नेसून पाट्यावर वाटणारी मैना. हिने पाट्याला कधी हात लावला होता, देव जाणे! पालीच्या बाजारात टेबल मांडलं. एकाच पातेल्यातली आमटी दोन वाट्यांत, प्रत्येक वाटीपुढे एक पाकीट. लोक चाखून सांगू लागले, “काकींचा घरगुती लागतो हो, आईची आठवण आली. हा दुसरा जरा हॉटेलातला वाटतो, जळजळीत.”

“अरे, पातेलं एकच आहे!” भागोजी ओरडलाच.

सुजय हसला. “बाबा, माणूस आधी चित्र चाखतो, मग आमटी. पुरुषाचं चित्र असलं की हॉटेल, बाईचं असलं की माया.”

“मग खरं सांग की त्यांना. शिकतील हळूहळू.”

“जाहिरात शिकवायला नसते बाबा. लोकांना जे आधीच वाटतं, तेच त्यांना परत विकायचं असतं.”

आणि त्यांना आधी वाटतं ते कुठून येतं, शहाण्या? कालच्या जाहिरातीतूनच ना! साबण असो, तेल असो, बाई घासते नाहीतर तळते, पुरुष चाखतो नाहीतर मान डोलावतो, आणि माल उत्तम आहे हे पडद्यामागून सांगतो तोही पुरुषाचाच आवाज. पोरं दूध पिता पिता हे बघतात आणि मोठी होऊन दुकानात तसंच मागतात. मग कंपनीवाले म्हणतात, बघा, गिऱ्हाइकालाच हे हवंय! पुन्हा तशीच जाहिरात. या घाण्याला जुंपलेला बैल कोण, हे गिऱ्हाइकाला कळतही नाही.

भागोजीने मैनाकडे पाहिलं. तिने शब्द दिला होता. ती पदराशी चाळा करत म्हणाली, “लोकांना आवडतंय तर ऱ्हाऊ दे ना वो. मला तरी सुगरण कोण म्हणालं होतं कधी?”

लिलाव गाजवणारी ही बाई, आणि तिलाही हेच हवं होतं! मुलाने फसवलं ते त्याने गिळलं असतं, तो धंदाच तसला. पण मैनाने?

‘मैनाकाकीचा मसाला’ धडाक्यात खपला. पाहुणे येत, मैनाच्या पाया पडत. लिलावाला जायचं तिने सोडलंच; सुजय म्हणाला होता, मैनाकाकी बंदरावर ओरडताना दिसली तर मसाल्याची माया जाईल. भागोजी मागच्या पडवीत धणे-मिरच्या भाजत राही. कुणी आलं की दार ओढून घ्यायचं, असं ठरलेलं होतं.

पुढच्या जाहिरातीला सुजय कॅमेरेवाल्यांना घेऊन घरीच आला. पहाटे उठून भागोजीने बांगड्याचं तिखलं केलं. मग त्यालाच धुतलेला सदरा घालून पाटावर बसवलं. मैना डाव घेऊन वाढायला उभी.

“बाबा, घास घ्या, आईकडे बघा आणि म्हणा, ‘मैने, ही चव तुझ्याच हाताची!’”

भागोजीने घास घेतला. आपल्याच हातची चव. तो म्हणाला, अगदी सांगितलं तसं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, दिवे विझले, कॅमेरे पेटीत गेले. आता तरी ती पूर्वीसारखी खो खो हसेल, “काय गंमत केली वो लोकांची!” म्हणेल, म्हणून तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला.

मैना त्याच्यापाशी वाकली आणि तिने काळजीने हळूच विचारलं, “खरं सांगा हां, मीठ बरोबर पडलंय ना माझं?”