काकांनी न हलवलेली पट्टी

जिन्याखालच्या गाळ्यात मोबाइल दुरुस्त करणाऱ्या काकांकडे मी लेकीचा फोन नेला. स्क्रीन आपोआप मंद-प्रखर व्हायची आणि माझ्या मनात नाही नाही ते यायचं.

"ताई, भूतबित काही नाही," काका हसले. "वर उजेड मोजणारा सेन्सर असतो. तुम्ही लावलेल्या काचेची काळी कड त्याच्यावर अर्धी आलीय. बोटाची जराशी सावली पडली की फोनला वाटतं, अंधार झाला."

दुसऱ्या काचांचे फोटो बघायला त्यांनी एक जुना फोन माझ्या हातात दिला आणि ते मागे काच शोधायला गेले. गाळ्यात अंधूक होतं, स्क्रीन तर दिसेचना. मी उजेडाची पट्टी सरळ वर ओढली.

काका परत आले आणि जागीच थांबले. "पट्टी हलवलीत?"

तो फोन त्यांच्या बायकोचा होता, त्यांनी सांगितलं. काकांची झोपमोड नको म्हणून ती अंधारात रोज पट्टी खाली ओढून वाचायची. फोननंही तिची सवय उचलली होती; अंधार झाला की तो आपोआप तितकाच मंद व्हायचा. ती जाऊन तीन वर्षं झाली, तेव्हापासून काकांनी पट्टीला हात लावला नव्हता.

मी घाईनं पट्टी खाली घेऊ लागले.

"राहू द्या. खाली घेतलीत तरी फोन तो तुमचाच अंदाज धरणार, तिचा नाही."

त्यांनी टेबलावरचा दिवा लावला, पुन्हा विझवला आणि फोन किती मंद होतो ते पाहिलं. स्क्रीन थोडी मंद झाली, पण पूर्वीइतकी नाही. त्या उजेडात काकांचा चेहरा मला स्पष्ट दिसत होता.